ओटीपी नंबरवर येतो, फोनवर नाही

(निपाणीत व्यापारी आणि पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, ओटीपी कोणाला सांगू नका, हे सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्हाला पाठ आहे. आज बोलायचंय ते अशा चोरीबद्दल, जिथे तुम्ही ओटीपी कोणालाच सांगत नाही आणि तरी तो चोराला मिळतो.

आपला समज असा की आपला मोबाइल नंबर सिमकार्डात असतो. तसं नाही. सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो आणि एक गुप्त किल्ली असते. ‘हा दहा आकडी नंबर सध्या या सिमचा’ ही नोंद कंपनीच्या संगणकात असते, आणि ती बदलता येते. बदलता यायलाच हवी. फोन उसाच्या फडात पडला, सिम तुटलं, तर आपण दुकानात जातो, कागद देतो, नवं सिम घेतो आणि नंबर तोच राहतो. सिम स्वॅप म्हणजे हीच सेवा, फक्त मागणारा माणूस दुसरा. नोंद बदलली की तुमच्या खिशातलं सिम मरतं आणि बँकेचा एसएमएस चोराच्या फोनवर वाजतो. तुमच्या फोनला कोणी हातही लावलेला नसतो.

हे घडवून आणायचे रस्ते दोन-तीनच. खोटी कागदपत्रं घेऊन काउंटरवर जायचं, किंवा काउंटरवरचाच माणूस फोडायचा. तिसरा रस्ता तुमच्याच हातून जातो, म्हणून तो नीट बघू. सिमच्या पाठीवर बारीक अक्षरात 19-20 आकडी क्रमांक असतो. तो 89 ने सुरू होतो आणि भारतातल्या सिमवर पुढे 91 येतं. फोन येतो, ‘साहेब, तुमचं सिम बंद पडणार आहे, अपग्रेड करून देतो, मी सांगतो तो क्रमांक कंपनीला एसएमएस करा.’ तुम्ही करता. पण तो क्रमांक चोराच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असतो. म्हणजे ‘माझा नंबर या सिमवर न्या’ अशी विनंती तुमच्याच फोनवरून, तुमच्याच हाताने गेलेली असते. ई-सिममध्येही प्रकार तोच, फक्त 20 आकड्यांच्या जागी चोराचा ईमेल पत्ता.

मग कंपनी खात्री करायला उलट संदेश किंवा कॉल करते, ‘होय असेल तर 1 दाबा.’ आता आपल्या भागाचं सांगतो. तो संदेश इंग्रजीत येतो, नाहीतर कन्नडमध्ये. घरातली मराठी शाळेत शिकलेली म्हातारी माणसं तो वाचत नाहीत, आणि फोनवरचा गोडबोल्या मात्र छान मराठीत सांगत असतो, ‘आजोबा, 1 दाबा.’ दाबतात. त्यांना मी एकच सांगतो : वाचता न आलेल्या संदेशाला उत्तर द्यायचं नाही, नातवाला दाखवायचा.

सिम मेल्याची पहिली खूण म्हणजे रेंज जाते. आणि इथेच आपण सीमेवरची माणसं फसतो, कारण रेंज जाणं आपल्याला नवीन नाही. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडे गेलं की फोन कर्नाटकच्या मोबाइल सर्कलमधून महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये जातो, मध्ये गटांगळ्या खातो. खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबीकडे गेलात तर कित्येक ठिकाणी रेंजच नाही. त्यामुळे ‘टॉवर गेला असेल’ म्हणून आपण सोडून देतो. त्यात दुकानात वायफाय असतं. इंटरनेट चालू, व्हॉट्सअ‍ॅपही तूर्त चालू. सिम मेलंय हे कळायलाच मार्ग नाही.

ओळखायचं कसं? शेजारच्या माणसाचं त्याच कंपनीचं सिम चालतंय का बघा. त्याला रेंज आहे आणि तुम्हाला नाही, तर फोन बंद करून चालू करा. तरीही नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून आपलाच नंबर लावा. रिंग वाजली आणि तुमचा फोन गप्प राहिला, तर नंबर दुसरीकडे गेलाय असंच धरा आणि तिथल्या तिथे कंपनीला फोन लावा. ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. चोरही फोन बंद ठेवू शकतो.

सरकारने यावर एक चांगला अडसर घातलाय. दूरसंचार विभागाने 2022 च्या अखेरीस कंपन्यांना सांगितलं, की सिम बदललं की पहिले 24 तास त्या नंबरवर एसएमएस येणंही बंद आणि जाणंही बंद. आणि 1 जुलै 2024 पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार, सिम बदलल्यावर 7 दिवसांच्या आत नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा कोड मिळत नाही. यात यूपीआयलाही आडोसा मिळतो, कारण नव्या फोनवर यूपीआय अ‍ॅप जोडताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जावा लागतो, आणि तो या 24 तासांत जात नाही.

पण 24 तास म्हणजे किती, ते बघू. एक तंबाखूचे वखारवाले घ्या. प्रसंग मी रचलाय, पण त्यातली एकही पायरी कल्पनेतली नाही. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला त्यांचा नंबर हलतो. वखारीत वायफाय आहे, त्यांना पत्ता नाही. शनिवारी बँक बंद. शनिवारी साडेपाचला एसएमएस सुरू होतात, चोराच्या सिमवर. रविवार पुढे आहेच. नेट बँकिंगचा पासवर्ड आधीच बँकेसारख्या दिसणाऱ्या कुठल्या तरी खोट्या वेबपानावर गेलेला असेल, तर सोमवारी बँक उघडेपर्यंत खातं धुऊन निघतं.

आता मधला शुक्रवार-शनिवार चोर काय करतो? स्वस्थ बसत नाही. बंदी एसएमएसवर आहे, कॉलवर नाही. अनेक ईमेल सेवा कोड ‘फोन करून’ही सांगतात. तो ईमेलच्या पानावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो, कोड कॉलवर मागवतो आणि नवा पासवर्ड लावतो. एसएमएस सुरू व्हायच्या आधीच ईमेल त्याच्या हातात. त्यात बँकेची स्टेटमेंटं आहेत, पॅनची प्रत आहे, जीएसटीचं लॉगिन आहे. बँकेकडून ईमेलवर येणारी सूचना तुम्ही उघडायच्या आधी तो पुसून टाकतो. म्हणून माझा हट्ट असा आहे : अ‍ॅपचा कोड पहिल्यांदा कुठे लावायचा, तर ईमेलला. बाकी खाती नंतर.

अ‍ॅपचा कोड म्हणजे काय, तर ऑथेंटिकेटर अ‍ॅप. सुरुवातीला पडद्यावर एक क्यूआर दिसतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. अ‍ॅप ती उचलतं आणि फोनमध्ये ठेवतं, तीच किल्ली सेवेच्या संगणकातही असते. पुढे दोघे आपापल्या जागी ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचा हिशोब करतात आणि दर 30 सेकंदांनी तोच सहा आकडी कोड काढतात. कोड कुठून येत नाही, म्हणून वाटेत पकडायला काही नाही. सिम लागत नाही, रेंज लागत नाही. कणकुंबीच्या जंगलातही कोड बरोबर निघतो. फक्त फोनची वेळ आपोआप लागेल अशी ठेवा. ती मिनिटभर मागेपुढे गेली तर कोड नाकारला जाऊ शकतो.

आता बहुतेकांची राहून जाणारी गोष्ट. अ‍ॅप लावलं, पण खात्यात जुना मोबाइल नंबरही तसाच ठेवला. मग चोर लॉगिनच्या पानावर ‘दुसऱ्या मार्गाने’ दाबतो आणि कोड एसएमएसवर मागवतो. पुढच्या दाराला भारी कुलूप आणि परसदार उघडं. गूगलच्या खात्यात `2-Step Verification` मध्ये `Authenticator` जोडून झालं, की तिथला फोन नंबर काढा. `Recovery phone` वेगळ्या ठिकाणी असतो, तिथेही बघा. पण त्याआधी `Backup codes` घ्या. ते 10 असतात, आठ-आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर छापा आणि तिजोरीत ठेवा. फोन हरवला तर आत जायचा तुमचा तोच रस्ता. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवणारे लोक मला भेटतात. फोन हरवल्यावर त्या फोटोचा काय उपयोग, ते तुम्हीच सांगा.

ईमेलनंतर शेअर बाजाराचं खातं, दुकानाचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम पान. जिथे अ‍ॅपचा पर्याय आहे तिथे तो घ्या. व्हॉट्सअ‍ॅप एसएमएसच्या कोडवरच उघडतं, म्हणून त्यात सहा आकडी पिन लावा. मोठ्या माणसांचंही यात झालंय. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं खातं 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा फोन नंबर हस्तगत करूनच पळवलं होतं.

आणि बँक? इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. बहुतेक बँकांत आजही एसएमएसचाच ओटीपी आहे, तुम्हाला निवडायची सोय नाही. मग इतकं करता येतं : दुकानाच्या पाटीवर, बिलावर, व्हिजिटिंग कार्डावर असलेला नंबर बँकेला लावू नका. बँकेसाठी वेगळं सिम घ्या, ते कोणाला देऊ नका, आणि बंद पडू नये म्हणून रिचार्ज चालू ठेवा. नेट बँकिंगची रोजची मर्यादा गरजेइतकीच ठेवा. फोनमध्ये सिमला पिन लावतात, ती चांगली सवय आहे, पण ती सिम चोरीला गेलं तर उपयोगी. स्वॅपमध्ये चोराकडे नवं सिम असतं, तुमची पिन त्याच्यावर नसते.

अ‍ॅपच्या कोडलाही मर्यादा आहे. खोट्या पानावर तुम्ही स्वतः तो कोड टाकलात, तर चोर त्याच 30 सेकंदांत खऱ्या पानावर वापरतो. अ‍ॅप नंबराच्या चोरीवर उपाय आहे, खोट्या पानावर नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, त्यावर चालते, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते आणि खोट्या पानाला उत्तरच देत नाही.

मागे बसलेल्या एकांनी विचारलं, झालंच तर आधी कुठे जायचं? आधी दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून नंबर बंद करा. लगेच बँकेला सांगून खातं गोठवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे कोणत्या खात्यात गेले ते सांगितलं, तर ते पुढे काढले जायच्या आत रोखता येतात. बँक कोल्हापुरात आणि घर निपाणीत असलं तरी ‘तिकडे जा’ म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, लेखी आहे. बेळगावात सायबर गुन्ह्यांचं सीईएन पोलीस ठाणं आहेच. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या निर्देशांप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर बोजा येत नाही. मात्र तो 20 आकडी एसएमएस तुम्हीच पाठवलेला असेल, तर ‘चूक कोणाची’ यावर बँक भांडणार. म्हणून रेंज कधी गेली, कंपनीला कधी कळवलं, या दोन वेळा त्याच दिवशी कागदावर लिहा, आणि कंपनीकडून सिम बदलल्याची तारीख-वेळ लेखी मागा. भांडण शेवटी त्या वेळांवरच चालतं.