जुन्या बाकीला उत्पन्न म्हणण्यापूर्वी

(कोल्हापुरात लघुउद्योगांचे हिशेब सांभाळणाऱ्या मंडळींपुढे एका सनदी लेखापालांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आज मी एकाच कारखान्याच्या एकाच पानाबद्दल बोलणार आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील ही एक लहान फाउंड्री असून ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. 31 मार्च 2025 चा ताळेबंद तयार होत असताना तिच्या लेखापालाने पुरवठादारांच्या देण्यांची वयानुसार यादी काढली. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात 2021 साली झालेल्या दुरुस्तीपासून ही यादी टिपांमध्ये द्यावीच लागते आणि तिच्यात 'तीन वर्षांपेक्षा जास्त' असा स्वतंत्र रकाना असतो. त्या रकान्यात चार नावे आणि एकूण 5,49,000 रुपये होते. दरवर्षी या रकान्यावरून प्रश्न येतो, म्हणून लेखापालाने एका जर्नल व्हाउचरने चारही खाती नावे टाकली आणि सगळी रक्कम 'इतर उत्पन्न' या सदरात जमा केली. करपूर्व नफा 14,20,000 होता, तो 19,69,000 झाला. तपासणीला कागद माझ्यापुढे आले, तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, "ही चार देणी संपली हे तुम्हाला कशावरून कळले?" तो म्हणाला, "साहेब, तीन वर्षे होऊन गेली की."

गोंधळ नेमका इथे सुरू होतो. मुदतीच्या कायद्यातील तीन वर्षे ही दावा लावण्याची मुदत आहे. ती उलटली की न्यायालयातून वसुली करण्याचा मार्ग बंद होतो, पण देणे नाहीसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुगौली शुगर वर्क्सच्या 1999 च्या निकालात हेच सांगितले आहे. शिवाय ही तीन वर्षे सरळ मोजता येत नाहीत. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी देणे मान्य केले किंवा थोडी रक्कम दिली, तर ती नव्याने सुरू होते, आणि कंपनीच्या सही झालेल्या ताळेबंदातील नोंद ही अशी कबुली ठरू शकते, असे याच न्यायालयाने 2021 साली म्हटले आहे. म्हणजे ज्या यादीच्या आधारे आपण बाकी जुनी झाली म्हणतो, तिच्याच शेजारच्या ताळेबंदाने कदाचित ती दरवर्षी ताजी केलेली असते. म्हणून बाकीचे वय ही फक्त खूण समजावी. तिचा निकाल मूळ कागद पाहूनच लागतो.

मग आम्ही चारही खात्यांचे मूळ कागद काढले. बिले, माल आवक नोंदवही, बँकेची विवरणे आणि ट्रकच्या पावत्या धुळीच्या पेट्यांतून बाहेर काढण्यात दोन दिवस गेले.

पहिली बाकी 45,000 रुपयांची, एका पॅटर्न बनवणाऱ्या कारागिराची. त्याच्या मजुरीचे बिल जमा होते आणि ते कधी दिल्याची नोंद नव्हती. बँकेच्या विवरणात मात्र त्याला दिलेले 45,000 स्पष्ट दिसत होते. टॅलीत त्याच्या नावाची दोन खाती होती. एकात आडनावापुढे 'अँड सन्स' होते, दुसऱ्यात नव्हते. पैसे दुसऱ्या खात्यात 'पुरवठादारांना आगाऊ रक्कम' म्हणून येणे दाखवून बसले होते. देणे केव्हाच फिटले होते, फक्त खाते बंद झाले नव्हते. अशा ठिकाणी दोन खाती एकमेकांत वळती करायची असतात आणि उत्पन्नाचा एक रुपयाही होत नाही. लेखापालाच्या पद्धतीने गेलो असतो, तर 45,000 चे खोटे उत्पन्न दाखवून त्यावर कर भरला असता आणि पलीकडे 45,000 चे खोटे येणे आणखी काही वर्षे ताळेबंदात राहिले असते. माझ्या अनुभवात जुन्या बाक्यांची सुरुवात नेहमी इथून करावी, कारण या वर्गातील खाती सर्वांत जास्त निघतात.

दुसरी बाकी 1,50,000 रुपयांची, कोअर बनवण्याच्या यंत्राच्या पुरवठादाराची. यंत्राच्या किमतीतील ही रक्कम हमीपोटी राखून ठेवली होती. यंत्राचा एक भाग नीट चालला नाही आणि दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारात शेवटी पुरवठादाराने ही रक्कम सोडून दिल्याचे लिहिले होते. देणे खरोखर संपले, यात शंका नाही. पण ते मालाच्या खरेदीचे नव्हते. रक्कम कधी खर्चात गेलीच नाही, ती यंत्राच्या किमतीत गेली. किंमतच कमी ठरली असेल तर यंत्राची किंमत तेवढी उतरवावी आणि पुढचा घसारा त्याप्रमाणे धरावा. तिला नफ्यात आणणे म्हणजे यंत्र स्वस्त मिळाल्याचा आनंद एकाच वर्षात साजरा करणे झाले. आयकराच्या बाजूनेही कलम 41(1) पूर्वी वजावट मिळालेल्या व्यापारी देण्यांपुरते आहे. भांडवली मालमत्तेसाठी घेतलेले कर्ज माफ झाले, तर त्याला हे कलम लागत नाही, असे महिंद्र अँड महिंद्र प्रकरणात 2018 साली ठरले आहे.

तिसरी बाकी 2,36,000 रुपयांची, पिग आयर्नची. लेखापाल तिला 'भांडणाची पार्टी' म्हणत असे. आवक नोंदवहीत 2019 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या त्या लोखंडापुढे लाल शाईने 'गंधक जास्त, ट्रक परत' असे लिहिलेले सापडले. ट्रक परतीची पावतीही होती. डेबिट नोट मात्र कधी लिहिलीच नव्हती. आता विचार करा, हे देणे कधी होते का? माल ठेवलाच नाही, तर देणे कशाचे? 2019-20 च्या खरेदीत 2,00,000 रुपये चुकून जास्त धरले गेले आणि त्या वर्षाचा नफा तेवढा कमी दिसला. ही मागच्या काळातील चूक आहे. लेखा मानक 5 प्रमाणे ती या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात 'मागील कालावधीची बाब' म्हणून वेगळी, स्वरूप आणि रक्कम सांगून दाखवावी लागते. तिला 'इतर उत्पन्न' म्हटले, तर वाचणाऱ्याला वाटेल की यंदा काहीतरी मिळाले. करासाठी, पूर्वी वजावट घेतलेली असल्यामुळे, ती याच वर्षाच्या उत्पन्नात धरली.

उरली चौथी बाकी. 1,18,000 रुपयांचे फेरो-सिलिकॉन, 2019 च्या ऑगस्टमधील बिल. माल घेतला, वापरला, खर्चात धरला आणि पैसे दिले नाहीत. नोंदणीकृत डाकेने पाठवलेले पत्र 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आले. जीएसटी पोर्टलवर त्या क्रमांकाची नोंदणी रद्द झालेली दिसली. पाच वर्षांत मागणीचे एकही पत्र, फोन किंवा नोटीस फाइलमध्ये नव्हती. इथे मात्र संचालकांनी ठराव करून देणे राइट बॅक करणे, म्हणजे ते पुस्तकातून काढून उत्पन्नात घेणे, रास्त होते. चारपैकी खरे राइट बॅक एवढे एकच.

आता आकड्याकडे येऊ, कारण इथेही पूर्ण बाकी उत्पन्न होत नाही. 1,18,000 मध्ये माल 1,00,000 चा आणि 18 टक्क्यांनी जीएसटी 18,000. तो 18,000 आपण इनपुट क्रेडिट म्हणून केव्हाच घेतला होता. कलम 16 च्या परंतुकाप्रमाणे बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आपण ते केलेच नव्हते. म्हणून नोंद अशी झाली:

```
फेरो-सिलिकॉन पुरवठादार    नावे   1,18,000
  जुनी देणी परत घेतली       जमा          1,00,000
  देय जीएसटी (क्रेडिट परत)   जमा            18,000
```

पिग आयर्नचीही नोंद याच धाटणीची. तिथे 2,00,000 मागील कालावधीच्या सदरात आणि 36,000 क्रेडिट परत. दोन्ही मिळून 54,000 सरकारला देणे निघाले आणि त्यावर 18 टक्क्यांनी वर्षाला 9,720 रुपये व्याज. नेमके दिवस विवरण भरताना मोजावे लागतात. समजण्यापुरती पाच वर्षे धरली तरी 48,600 होतात, म्हणजे जवळजवळ कराइतकेच. हे व्याज यंदाच्या खर्चात गेले. त्यामुळे करपूर्व नफा 14,20,000 अधिक 1,00,000 अधिक 2,00,000 वजा 48,600, असा 16,71,400 झाला. लेखापालाच्या 19,69,000 पेक्षा तो सुमारे तीन लाखांनी कमी आहे. या नफ्यात नव्याने एक रुपयाही बँकेत आलेला नाही. उलट जीएसटी आणि व्याजाचे 1,02,600 बाहेर जायचे आहेत.

राइट बॅकचे 1,00,000 'इतर उत्पन्ना'त स्वतःच्या नावाने दाखवावेत, खरेदीतून वजा करू नयेत. खरेदीतून वजा केले की यंदाचे लोखंड स्वस्त पडल्यासारखे दिसते आणि पुढच्या वर्षी कास्टिंगचा भाव ठरवणारा माणूस त्या आकड्यावर विसंबतो. रोख प्रवाह पत्रकात ही रक्कम आधी नफ्यातून वजा करावी आणि देण्यांतील बदल तिला वगळून मोजावा, नाहीतर ताळा जुळला तरी अर्थ चुकतो.

बँकेकडून या विषयाला आणखी एक पदर आहे आणि कारखानदार त्याबद्दल सहसा बोलत नाहीत. कॅश क्रेडिटची उचल मर्यादा काढताना स्टॉकमधून देणी वजा करतात. देणी 5,49,000 ने उतरवली आणि मार्जिन 25 टक्के असेल, तर उचल मर्यादा 4,11,750 ने वाढते. माल तेवढाच, पैसा तेवढाच, पण उचल जास्त. म्हणून मार्चच्या स्टेटमेंटमध्ये देणी अचानक आटली, तर बँकेचा अधिकारी खुलासा मागतो आणि तो त्याचा हक्क आहे.

प्रश्न असा येतो की राइट बॅक केलेच नाही, तर कर टळतो का. कलम 41(1) ला 1996 साली जोडलेल्या स्पष्टीकरणाप्रमाणे, आपण एकतर्फी नोंद करून देणे पुस्तकातून काढले, तरी ते संपले असे मानून रक्कम करपात्र होते. सुगौलीच्या निकालाचा आधार त्यानंतर अशा नोंदीला पुरत नाही. नोंद केली नाही, तर केवळ बाकी जुनी आहे म्हणून ती संपली असे अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. पण पुरवठादार खरोखर आहे आणि देणे खरे आहे, हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. परत आलेले पत्र फाइलला लावून ठेवायचे आणि बाकीही चालू ठेवायची, हे दोन्ही एकत्र टिकत नाही. करलेखापरीक्षण अहवालाच्या 25 व्या कलमात ही रक्कम सांगावी लागते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात, पण आपले उदाहरण 2024-25 चे, म्हणजे जुन्या कायद्याखालचे आहे.

सूक्ष्म आणि लघू पुरवठादारांच्या बाबतीत एक अट मुद्दाम तपासावी. आर्थिक वर्ष 2023-24 पासून कलम 43बी(एच) लागू आहे. अशा पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, आणि ती कोणत्याही करारात 45 दिवसांच्या वर नाही, पैसे दिले नाहीत, तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षापर्यंत मिळत नाही. ज्या बाकीची वजावट कधी मिळालीच नाही, ती पुढे राइट बॅक झाली तर 41(1) खाली करपात्र ठरत नाही. पुस्तकात उत्पन्न दिसेल, पण करगणनेत ते वजा करावे लागेल. त्यासाठी कोणत्या वर्षी किती नाकारले, याची यादी पुरवठादारवार ठेवावी. चार वर्षांनी ती आठवणीतून तयार होत नाही.

पुढच्या वर्षी त्या फेरो-सिलिकॉनवाल्याचा मुलगा जुने बिल घेऊन कारखान्यात आला, तर काय करायचे, असे संचालकांनी विचारले. कायद्याने त्याला दावा लावता येईलच असे नाही, पण मालक म्हणाले, "माल घेतलाय, देऊ." मग त्या वर्षी 1,00,000 खर्च पडतील आणि करातही त्याची वजावट मागता येईल. 180 दिवसांच्या नियमाने परत केलेले 18,000 चे क्रेडिट पैसे दिल्यावर पुन्हा घेता येते. त्याला सर्वसाधारण मुदतीची आडकाठी नाही. भरलेले व्याज मात्र परत मिळत नाही. यासाठी राइट बॅक केलेल्या प्रत्येक बाकीचे बिल, परत आलेले पाकीट आणि ठरावाची प्रत एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला मी त्यांना सांगितले, आणि फाइलच्या पहिल्या पानावर क्रेडिट परत केल्याची तारीख लिहून घेतली.