एकच पिशवी, सहा कार्डे

(दृश्य: सकाळचा आठवडे बाजार. तागाच्या पोत्यांवर मांडलेली हिरवी वांगी, गिलक्यांचे ढीग, ओल्या फडक्याखालची कोथिंबीर. तराजूच्या पारड्याचे जवळून चित्रण.)

निवेदन: बोरी नदीच्या काठावरील या गावात आठवड्यातून एकदा बाजार भरतो. भरताची हिरवी वांगी आणि गिलकी आणणारे शेतकरी उजाडण्यापूर्वीच जागा धरून बसतात, आणि आठच्या सुमारास पहिले गिऱ्हाईक 'कितलाले?' असे विचारत समोर उभे राहते. आज त्या गिऱ्हाइकांच्या मागे पाठीवर दप्तर घेतलेली चौथीची बारा मुले उभी आहेत. त्यांना काहीही विकत घ्यायचे नाही. भाव ऐकायचे आणि वहीत उतरवायचे, एवढेच काम त्यांच्या बाईंनी त्यांना दिले आहे.

(दृश्य: मुलाची वही. पेन्सिलीने लिहिलेले: वांगी 60 किलो, गिलकी 80 किलो, कोथिंबीर जुडी 12.)

निवेदन: वहीतल्या या तीन ओळींवर बाईंची शाब्दिक उदाहरणे उभी राहतात. 'रमेशने दुकानातून काही वस्तू घेतल्या' अशी सुरुवात असलेली उदाहरणे मुले सोडवतात खरी, पण त्यांतल्या किमती कुणाच्याही स्वयंपाकघरातल्या नसतात, त्यामुळे उत्तर चुकले तरी ते खटकत नाही. अर्धा किलो वांग्यांचे तीनशे रुपये झाले, तर या वर्गातले मूल लिहिता लिहिता थांबते.

(दृश्य: शाळेची खोली. दोरीला चिमट्यांनी लावलेली सहा रंगीत कार्डे. त्यांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा.)

निवेदन: दोरीवर सहा कार्डे आहेत आणि सहाही कार्डांवर पिशवी एकच आहे: अर्धा किलो वांगी, पाव किलो गिलकी आणि कोथिंबिरीची एक जुडी. चढत्या काठिण्याची उदाहरणे म्हणजे दोन अंकी संख्यांनंतर तीन अंकी आणि तीन अंकींनंतर चार अंकी, असा समज शिक्षकांमध्ये बराच पसरलेला आहे. संख्या मोठी झाल्याने लेखन वाढते, पण विचार वाढतोच असे नाही. बाईंचा नियम निराळा आहे. एका कार्डावरून दुसऱ्यावर जाताना एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे, म्हणजे मूल अडले तर कशामुळे अडले हे लगेच कळते.

पहिल्या पिवळ्या कार्डावर त्या पिशवीतली फक्त कोथिंबीर आहे. जुडी बारा रुपयांची, दिली विसाची नोट, परत किती? येथे एकच क्रिया आहे आणि उत्तर बोटांवरही येते.

दुसऱ्या कार्डावर पूर्ण पिशवी येते, पण किमती तयार दिलेल्या आहेत. वांग्यांचे 30, गिलक्यांचे 20, कोथिंबिरीचे 12 आणि दिलेली नोट शंभराची. आता आधी बेरीज, मग वजाबाकी, अशा दोन पायऱ्या झाल्या. उत्तर 38 आहे.

(दृश्य: चार वह्या शेजारी शेजारी. उत्तरे: 62, 70, 48, 162.)

निवेदन: या चार वह्यांमधील चार चुकीच्या उत्तरांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चारही वह्यांवर सारखीच लाल फुली मारली, तर चार वेगवेगळ्या अडचणी एकाच फुलीखाली झाकल्या जातात. ज्याने 62 लिहिले, त्याची बेरीज बरोबर आहे. तो पहिल्या पायरीवर थांबला आणि प्रश्न काय होता हे विसरला. 70 लिहिणारीने शंभरातून फक्त वांग्यांचे तीस वजा केले, म्हणजे तिने पहिलीच वस्तू वाचली आणि पुढचे वाक्य सोडून दिले. या दोघांना वजाबाकीचा जादा सराव देऊन काहीही साधणार नाही, कारण त्यांना वजाबाकी येते.

48 हे उत्तर मात्र वजाबाकीचेच आहे. शंभरात दहा दशक आहेत. त्यांतला एक दशक सुटा केला, दहा एककांतून दोन गेले, आठ उरले. येथपर्यंत सारे बरोबर आहे. पण दहापैकी एक दशक मोडल्यावर नऊच उरतात हे लक्षात न राहिल्याने दहातून सहा वजा झाले आणि चार आले. अशा मुलाला बाई बेरीज उलटी करून पाहायला सांगतात: 62 आणि 48 मिळून 110 होतात, आणि भाजीवालीला तर शंभरच दिले होते. चौथ्या वहीतले 162 हे उत्तर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याच्या सवयीतून येते. शून्यातून दोन जात नाहीत, म्हणून मूल दोनातून शून्य वजा करते, दशकाच्या घरातही तसेच करते आणि एक तसाच खाली उतरवते. शंभर दिल्यावर एकशे बासष्ट परत मिळाले, तर गिऱ्हाईक रोजच बाजारात येईल, असे बाई म्हणतात तेव्हा वर्गात जो हशा पिकतो तो आपण पाहतो आहोतच.

(दृश्य: हसणारी मुले. नंतर तराजूत वांगी टाकणारे हात.)

निवेदन: तिसऱ्या हिरव्या कार्डावर किमतींच्या जागी भाव येतात: वांगी साठ रुपये किलो, गिलकी ऐंशी रुपये किलो. साठाचे अर्धे तीस आणि ऐंशीचा पाव भाग वीस, हे मुलाने स्वतः काढायचे. पिशवी तीच, बेरीज तीच, नोट तीच. येथे मूल अडले, तर अडचण अर्धा आणि पाव यांची आहे हे उघड होते, आणि त्यासाठी वर्गात एक तराजू व पाव किलोचे वजन ठेवलेले आहे. चार वेळा पाव किलो टाकून एक किलो भरताना मुलांचे चेहरे काय सांगतात, ते निवेदनाने सांगण्याची गरज नाही.

(दृश्य: तराजू, वजने, मुलांचे चेहरे. काही वेळ निवेदन नाही.)

निवेदन: चौथ्या कार्डावर फक्त नोट बदलते. शंभराऐवजी पाचशेची. प्रत्यक्ष बाजारात भवानी होण्याआधी बासष्ट रुपयांच्या भाजीसाठी कुणी पाचशेची नोट पुढे केली, तर काय ऐकावे लागते हे मुलांना ठाऊक आहे. गणितात अडचण दोन शून्यांची आहे. एककाच्या घरात शून्य, दशकाच्या घरातही शून्य, म्हणून सुटे मागायला थेट शतकाच्या दारात जावे लागते. पाचशेतून बासष्ट वजा करताना 162 लिहिणारी ती सवय 562 या उत्तरातून येथे पुन्हा भेटते.

(दृश्य: भाजीवाल्या मावशी नोटा मोजून परत देताना. हातांचे जवळून चित्रण.)

निवेदन: आता या मावशींचे हात पाहा. त्या वजाबाकी करीत नाहीत. बासष्ट झाले असे म्हणून त्या आठ रुपयांची नाणी तळहातावर ठेवतात आणि 'सत्तर' म्हणतात, वर तीस ठेवून 'शंभर' म्हणतात, मग दोनशेच्या दोन नोटा ठेवून 'पाचशे' म्हणतात. आठ, तीस आणि चारशे मिळून 438 झाले, आणि यात दशक कुठेही मोडावा लागला नाही. पुढे मोजत जाण्याची ही रीत बाईंनी फळ्यावर तशीच उतरवली आहे. बासष्टपासून पाचशेपर्यंत एक आडवी रेषा आणि तिच्यावर तीन उड्या. हातच्याची उभी मांडणी त्या सोडून देत नाहीत, कारण पुढच्या इयत्तांत ती लागतेच. मात्र उभ्या मांडणीने आलेले उत्तर उड्या मारून पडताळायचे, असा येथे रिवाज आहे.

बाजारातली ही रीत शाळेत आपोआप येते असे मात्र समजू नये. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांचा सहभाग असलेला, कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुले गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करीत होती, परंतु शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या तशाच गणितांत अडखळत होती, आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांचे नेमके उलट होत होते. या खोलीतली दोरी आणि बाहेरचा बाजार यांच्यात बाईंची जी ये-जा चालते, तिचे कारण येथे आहे.

(दृश्य: पाचवे, निळे कार्ड. एक मुलगी ओठ हलवत वाचते आहे.)

निवेदन: पाचवे कार्ड उलटे आहे. शंभराची नोट दिली, 38 रुपये परत आले, वांग्यांचे 30 आणि कोथिंबिरीचे 12 झाले. तर पाव किलो गिलकी कितीला पडली? येथे 'परत' हा शब्द फसवा ठरतो. हा शब्द दिसला की शेवटी वजाबाकी करून परतीचे पैसे काढायचे, अशी खूण मुलांनी मनाशी बांधलेली असते, आणि येथे तर परतीचे पैसे आधीच सांगितलेले आहेत. शब्दावरून क्रिया ठरवायला शिकवणे ही शिक्षकांनीच लावलेली सवय आहे, आणि ती मोडायला पाचव्या कार्डापर्यंत थांबावे लागते हे फारसे भूषणावह नाही. शंभरातून 38 गेले, 62 खर्च झाले. त्यातून 42 गेले, 20 उरले. या मुलीने गणित न करता आधी चित्र काढले: एक लांब पट्टी, तिचे चार तुकडे आणि एका तुकड्यात प्रश्नचिन्ह.

(दृश्य: पट्टीचे चित्र. नंतर बाजारात मोबाइलवर कोड स्कॅन करणारे गिऱ्हाईक.)

निवेदन: मोबाइलवरून नेमके बासष्ट रुपये गेले की परत येण्यासारखे काही उरत नाही, आणि मोड हातात घेऊन मोजण्याची संधी अनेक घरांतील मुलांना आता क्वचितच मिळते. म्हणून वर्गात खेळातल्या नोटांचा गल्ला आहे. रुपयाखालच्या पैशांची उदाहरणे बाईंनी या सहा कार्डांतून वगळली आहेत. पंचवीस पैशांचे नाणे 2011 च्या जूनअखेर चलनातून गेले आणि पन्नास पैसे या बाजारात कुणी मागतही नाही.

सहाव्या कार्डापर्यंत सगळी मुले पोहोचली नाहीत. काही जण अजून चौथ्यावर आहेत.

(दृश्य: सहावे, लाल कार्ड. मग बाजार. मुलगी आणि तिची आजी मावशींच्या समोर.)

निवेदन: सहाव्या कार्डावरचे वाक्य असे आहे: 'भाजीचे बासष्ट रुपये झाले. आजीने शंभराची नोट दिली. मावशी म्हणाल्या, वरचे दोन रुपये सुटे द्या. आजीने ते दिले. मावशींनी किती परत दिले, आणि त्यांनी दोन रुपये का मागितले?' 102 मधून 62 गेले, 40 उरले. विसाच्या दोन नोटांत काम भागले. आजीचे काही नुकसान झाले का, हा बाईंचा पुढचा प्रश्न आहे. नाही, कारण जादा दिलेले दोन या चाळिसात परत आले आहेत आणि ते काढले तर तेच अडतीस राहतात. दोन्ही बाजूंना सारखेच वाढवले तर फरक तोच राहतो, हा नियम चौथीच्या मुलीने येथे नियम म्हणून पाठ केलेला नाही.

बाजाराच्या दिवशी आजीने शंभराची नोट पुढे केली. मावशी गल्ल्यात सुटे शोधू लागल्या. त्यांनी मागण्याआधीच मुलीने फ्रॉकच्या खिशातून नाणे काढले.

'मावशी, हे वरचे दोन घ्या.'

(दृश्य: तळहातावर विसाच्या दोन नोटा.)