पाहुण्यांना पत्र लिहिण्याआधी

(वाङ्मय मंडळाच्या विद्यार्थी प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, तुम्ही मला तुमच्या पत्राचा कच्चा खर्डा दाखवलात. मराठी भाषा गौरव दिनाला मुंबईहून एक लेखिका बोलवायच्या आहेत, आणि कॉलेज आपलं सावंतवाडीचं. खर्ड्यात ‘आपल्या अमोघ वाणीचा लाभ’ आहे, ‘ज्ञानगंगा’ आहे. फक्त त्या बाईंनी किती वाजता, कुणासमोर आणि किती वेळ बोलायचं, ते नाही.

तारखेपासून सुरू करू. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि 2013 पासून तो महाराष्ट्रात अधिकृतपणे भाषा दिन म्हणून साजरा होतो. त्यामुळे मराठीवर बरं बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या एकाच दिवशी दहा ठिकाणांहून बोलावणं असतं. तुम्ही एकच तारीख कळवलीत तर उत्तर ‘नाही’ येणार, आणि पुढचं कुणी सापडेपर्यंत जानेवारी सरणार. तेव्हा तीन तारखा द्या आणि तुमची पसंतीही सांगा: 27 ला जमलं तर उत्तम, नाहीतर 25 किंवा 26. जानेवारीत 14 ते 28 हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. तिथलीही एखादी तारीख चालत असेल तर लिहा. मात्र तारीख सुचवण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक आणि सभागृहाची नोंदवही बघा. मला एका कॉलेजने तीन तारखा दिल्या होत्या. मी त्यातली एक निवडली, तर कळलं की त्या दिवशी सभागृहात प्रात्यक्षिक परीक्षा आहे!

आता प्रवास. इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून थोडा वेळ घेतो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस मिळायचे. आपली तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते आणि त्याच तारखेला दुपारी इथे पोचते. म्हणजे 27 ला सकाळी भाषण असेल, तर बाईंना 26 च्या दुपारीच इथे यायला हवं. त्या घरून निघणार 25 च्या रात्री, पण गाडी मध्यरात्रीनंतरची असल्यामुळे तिकिटावर तारीख 26 ची. ‘25 ला रात्री निघायचं’ म्हणून कुणीतरी 25 चं तिकीट काढतो, आणि पाहुणे स्टेशनवर पोचतात तेव्हा त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. 26 चं आरक्षण 28 डिसेंबरला उघडेल. त्याआधी होकार हातात हवा, म्हणजे पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं.

येण्याचं आणि परतीचं तिकीट एकदमच काढा. प्रतीक्षा यादीत असेल तर लपवू नका, लगेच कळवा. आपलं स्टेशन मळगावला, गावापासून लांब आहे. न्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर पत्रातच द्या. ‘भाडं नंतर देऊ’ असं मोघम ठेवू नका. तिकीट कॉलेज काढणार, मुक्काम कुठे, मानधन किती आणि ते कसं देणार, हे लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिल्यास तो संकोच पाहुण्यांच्या गळ्यात पडतो.

श्रोत्यांबद्दल ‘विद्यार्थीवर्ग’ एवढंच लिहून भागत नाही. अकरावी-बारावीची मुलं आहेत की बी.ए.ची? मराठी विषय घेतलेली, की हजेरीसाठी बसवलेली वाणिज्य शाखेची? साधारण किती? दीडशे मुलांत शंभर वाणिज्यची असतील तर तसंच सांगा. बोलणारी व्यक्ती उदाहरणं बदलते.

आणि वेळ. ‘तासभर’ लिहाल, पण दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार यांतच अर्धा-पाऊण तास जातो. गावोगावची मुलं दीडच्या एसटीसाठी एकलाच उठू लागतात. मग पाहुण्यांच्या हातात चिठ्ठी येते: ‘कृपया आवरते घ्या’. माझ्याकडे अशा चिठ्ठ्यांचा छोटा संग्रहच आहे. त्यापेक्षा असं लिहा:

‘कार्यक्रम 11 वाजता सुरू होईल. आपले भाषण 11.20 ते 12.05, त्यानंतर 20 मिनिटे प्रश्नोत्तरे. श्रोते सुमारे 150, त्यांतील बहुतेक बी.कॉम.चे. येण्या-जाण्याचे रेल्वे तिकीट आम्ही काढू. 26 च्या दुपारी स्टेशनवर आमचा प्रतिनिधी असेल. 15 डिसेंबरपर्यंत कळवल्यास आरक्षण वेळेत होईल.’

खाली प्राचार्यांची सही घ्या, आणि एका विद्यार्थ्याचा नंबर द्या. तीन विद्यार्थ्यांचे दिलेत, की तिघांनाही वाटतं दुसऱ्याने फोन केला असेल.