एक एप्रिलची तारीख आणि तीन पर्याय

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वरिष्ठ व्यवस्थापक टीम लीडला बोलावून सांगतात, "नवी बिलिंग प्रणाली 1 एप्रिलला सुरू झालीच पाहिजे." हातात 5 आठवडे आणि 4 माणसे आहेत, म्हणजे एका माणसाचे एका आठवड्याचे काम हे माप धरले तर 20 मापे. टीमच्या अंदाजाने काम मात्र 36 मापांचे आहे. अशा वेळी "प्रयत्न करतो, सर" हे उत्तर सर्वांत घातक ठरते, कारण बोलणाऱ्याच्या मनात ती शंका असते आणि ऐकणारा ती कबुली समजतो. मीही असे उत्तर एकदा दिले आहे.

त्याऐवजी एक दिवसाची मुदत मागावी आणि आधी विचारावे, "सर, 1 एप्रिललाच नेमके काय अडणार आहे?" आपल्या उदाहरणात उत्तर असे मिळते की नव्या आर्थिक वर्षात बिलांची नवी क्रमांकमालिका सुरू होते आणि ती वर्षाच्या मध्यात बदलणे हिशेब विभागाला नको आहे. म्हणजे त्या दिवशी बिल निघाले पाहिजे आणि पैसे जमा झाल्याची नोंद झाली पाहिजे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला एप्रिलचे जीएसटीआर-1 भरण्यासाठी 11 मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे त्याचा अहवाल 1 एप्रिलला लागतच नाही. शाखानिहाय तक्ते तर त्याहूनही थांबू शकतात.

आता दुसऱ्या दिवशी एका कागदावर तीन पर्याय मांडता येतात. पहिल्यात तारीख तीच राहते आणि बिल, जमानोंद, जुन्या ग्राहकांची माहिती व चाचणी एवढेच, म्हणजे 18 मापांचे काम होते. उरलेली दोन मापे आजारपणासाठी राखून ठेवायची. दुसऱ्यात सगळे काम होते, पण एप्रिलअखेर. तिसऱ्यात दोन माणसे वाढवायची, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. नव्यांचा पहिला आठवडा शिकण्यात जातो आणि त्यांना शिकवताना जुन्यांची सुमारे 4 मापे खर्ची पडतात, म्हणून सगळे काम 6 नव्हे, 7 आठवड्यांत संपते. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, असे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवले आहे.

यांपैकी आपली शिफारस कोणती, हेही त्याच कागदावर लिहावे. माझी पहिल्या पर्यायाची असेल. "चाचणी थोडी कमी करा" अशी सूचना येण्याची शक्यता असते. तेव्हा चुकीचा कर लागलेले एक बिल रद्द करून दुरुस्त करायला हिशेब विभागाला किती वेळ लागतो, हे त्याच विभागाकडून विचारून घेतलेले असावे आणि तो आकडा पुढे ठेवावा.

निर्णय झाला की त्याच संध्याकाळी ई-मेल पाठवावा आणि त्यात 1 एप्रिलला काय मिळणार नाही, हे सर्वांत वर लिहावे.