मोगरा उकळला की वास कुठं जातो?

एप्रिल-मेमध्ये नांदेडच्या बाजारात सकाळी मोगरा घ्या, टोपलीत नुसत्या घट्ट मिटलेल्या कळ्या असतात, नाकाशी धरल्या तरी वास जेमतेम. दिवस मावळला की त्याच कळ्या उमलतात अन अख्खं घर घमघमतं. म्हणजे तोडून कितीतरी तास झाले तरी फूल जिवंत असतं, आणि वास बनवायचं काम तोडल्यावरच जोरात चालू होतं. जाईचंही तसंच, तोडल्यावर दिवसभर ती वास सोडत राहते.

आता वास काढायला हे फूल वाफेवर घातलं तर? शंभर डिग्रीला ते लगेच मरतं, पुढचा वास बनतच नाही. जो थोडा असतो त्यातलंही काही गरम पाण्यात बिघडतं, काही पाण्यात विरघळून राहतं, जड घटक तर वाफेबरोबर धड वर येतच नाहीत. हाती येतो शिजल्यासारखा वास, तोही थेंबभर. कनौजला मोगऱ्याचं अत्तर भट्टीवर काढतात खरं, पण चंदनाच्या तेलात झेलून, त्याची मजा वेगळी.

फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावातल्या लोकांनी म्हणून फुलाला मरूच दिलं नाही. लाकडी चौकटीतल्या काचेवर गाई-डुकराची शुद्ध केलेली चरबी थापायची, वर जाईची फुलं पसरायची, दुसऱ्या दिवशी ती उचलून ताजी ठेवायची, असं कितीतरी दिवस, चरबी वासानं भरेपर्यंत. याला एन्फ्लुराज म्हणतात. फूल ओलं असलं तर चरबीला बुरशी, वेळेवर उचललं नाही तर सडका वास, अन एवढी मजुरी. शेवटी चरबी अल्कोहोलमध्ये घोळायची, अल्कोहोल उडवलं की उरतं ते अॅब्सोल्यूट, म्हणजे फुलाचा दाट अर्क.

आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत मात्र ती चरबी काचेवरून ओघळूनच जाईल. पण आपल्या देशातले तेली-गंधी फार हुशार, त्यांनी तीळ वापरला. तिळाचा थर, फुलांचा थर, परत तीळ, कोमेजलेली फुलं चाळून नवी टाकायची, अन शेवटी तीळ घाण्यात घालायचा. चमेलीचं तेल असंच बनायचं, तीळ काही उन्हात वितळत नाही!

आता कारखान्यात हेक्झेन चालतं, पेट्रोलसारखं पटकन उडणारं द्रव. फुलं त्यात बुडवली की वास अन मेण दोन्ही उतरतं, हेक्झेन काढून घेतलं की मेणकट काँक्रीट राहतं. 1000 किलो जाईच्या फुलांतून हे काँक्रीट जेमतेम अडीच-तीन किलो. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड करायचं, मेण साकळतं, ते गाळून अल्कोहोल उडवलं की साधारण निम्मं अॅब्सोल्यूट मिळतं.

पण हेक्झेनमध्येही फूल मरतंच, त्या घडीला जेवढा वास आहे तेवढाच मिळतो. मिटलेली कळी टाकली तर माल फिका. म्हणून तमिळनाडूत मोगऱ्याच्या कळ्या दिवसा आल्या तरी लगेच टाकत नाहीत, पसरून ठेवतात, रात्री उमलल्या की मगच टाकीत.