‘मार्शल लॉचं सगळं द्या’

(सोलापुरात ग्रंथालय सेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मार्शल लॉचं सगळं द्या.” म्हणजे १९३० साली शहरात लागलेल्या लष्करी कायद्यावरचं सगळं. चार हुतात्म्यांच्या फाशीचा दिवस, बारा जानेवारी, जवळ आला की रोजच. तुमच्यापैकी जे शहरातले आहेत ते हसतायत, म्हणजे तुम्हीही ऐकलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ‘सगळं’ या शब्दावर विश्वास ठेवायचो. कपाट रिकामं करून वाचकासमोर ढीग लावायचो आणि आपण फार सेवा केली असं वाटायचं. वाचक वरची दोन पुस्तकं उलटीपालटी करायचा, “चालेल” म्हणायचा आणि निघून जायचा. त्या “चालेल”चा अर्थ मला फार उशिरा कळला. हवं ते मिळालं तर माणूस “चालेल” म्हणत नाही, “हेच, हेच” म्हणतो.

माणूस सगळं का मागतो? हावरट असतो म्हणून नव्हे. शेंगाचटणीच्या दुकानात कुणी “सगळं द्या” म्हणत नाही, पाव किलो म्हणतो, कारण बरणीत काय आहे ते त्याला दिसतं. आपल्या कपाटात काय आहे ते वाचकाला दिसत नाही. मग तो आपल्या प्रश्नाचा एक अंदाजे विषय करतो आणि तो विषय आपल्याला सांगतो. रॉबर्ट टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९६८ साली हे नीट मांडलं. गरज आधी मनात नुसती बोचत असते, मग तिला आकार येतो, मग शब्द येतात आणि टेबलापर्यंत येताना ‘इथं काय मिळत असेल’ या अंदाजानं तिला मुरड पडते. आपल्या कानावर येते ती मुरड पडलेली गरज. आपलं काम तिथून उलट चालत जायचं.

आता २०१९ सालचा एक प्रसंग सांगतो. शहराच्या पूर्व भागातले एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, तेलुगू विणकर घराण्यातले. हातात रिकामी कापडी पिशवी. “सर, मार्शल लॉवर जेवढं असेल तेवढं द्या की.” पिशवी बघूनच मला कळलं, हे ढीग न्यायला आलेत.

इथं पहिला मोह होतो तो “कशाला हवंय?” विचारायचा. तो आवरा. ‘कशाला’ म्हटलं की माणसाला वाटतं आपली झडती चाललीय, आणि तो “सहज, वाचायला” म्हणून मोकळा होतो. दुसरा मोह म्हणजे आपणच पर्याय टाकायचा: “इतिहास हवा की चार हुतात्म्यांची चरित्रं?” हे सोपं वाटतं, पण त्याला हवं ते या दोन्हींत नसेल तर तो त्यातलंच एक भिडेखातर निवडतो. मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, “बसा. या सगळ्यातून काय सापडलं तर आजची खेप कामी आली म्हणाल?” आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मला तर ते अजून नीट जमत नाही.

पाचेक सेकंदांनी ते म्हणाले, “आजोबांचं नाव कुठं छापलंय का बघायचं होतं. ते मार्शल लॉमध्ये आत होते.”

बघा, विषय होता एका शहराचा इतिहास, आणि हवं होतं एक नाव. मी विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? आत्यानं. तिनं ऐकलेली की पाहिलेली? “पाहिली की! ती दारात उभी होती. घरात गणपती बसलेला आणि पोलीस आले, असं सांगते.”

इथं माझी पेन्सिल थांबली. सोलापुरातला लष्करी कायदा १२ मे १९३० ला पुकारला आणि ३० जूनला उठला. गांधीजींना ४ मेच्या रात्री अटक झाली, त्यानंतर शहर पेटलं, पोलीस शहराबाहेर गेले, मग लष्कर आलं. एकूण पन्नास दिवसांचा हिशोब, सगळा मे-जूनमधला. त्यात गणपती बसतच नाही. मी विचारलं, आत्यांचं वय काय? चौऱ्याऐंशी. म्हणजे जन्म १९३५ च्या आसपासचा. १९३० साली दारात उभी राहायला त्या जन्मालाच आल्या नव्हत्या.

मग गणपतीच्या दिवसांत पोलीस कधी आले असतील? आत्या दारात उभ्या राहून लक्षात ठेवण्याएवढ्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या. हिशोब सरळ १९४२ वर येतो. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालं, त्यानंतरची धरपकड. आपल्याकडं बऱ्याच घरांत ‘मार्शल लॉ’ हे त्या साऱ्या काळाचंच नाव होऊन बसलंय. आजी-आजोबांचा कुठलाही तुरुंगवास त्यातच जमा होतो. मी पिशवी भरून दिली असती तर ते गृहस्थ महिनाभर १९३० मध्ये आजोबांना शोधत बसले असते. पुस्तकं चांगली, काळ चुकीचा.

हे मात्र त्यांना जपून सांगावं लागतं. “तुमची आत्या चुकली” असं म्हणायचं नाही, कारण ती चुकलेली नव्हती. तिनं पाहिलेलं खरंच होतं, फक्त वरची चिठ्ठी दुसऱ्या कुणीतरी चिकटवली होती. मी कागदावर १९३० आणि १९४२ ही दोन सालं लिहिली आणि त्यांतून आत्याचं जन्मसाल त्यांनाच वजा करायला सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बेचाळीस.”

पुढचे दोनच प्रश्न विचारले. पहिला, खटला चालला की नुसतंच डांबून ठेवलं? बेचाळीसमध्ये भारत संरक्षण नियमांखाली खटल्याशिवाय स्थानबद्ध केलेले पुष्कळ होते. त्यांच्यासाठी न्यायालयाची कागदपत्रं शोधणं फुकट, कारण निकालच नसतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आत्याला विचारून सांगतो म्हणाले. दुसरा, आजोबांचं नाव त्या काळी कसं लिहायचे? तेलुगू घरांत घराणं आधी आणि स्वतःचं नाव नंतर, अशी रीत. मराठी कारकून नाव आधी लिहिणार. म्हणजे एकच माणूस यादीत दोन वेगळ्या अक्षरांखाली असू शकतो. संगणकावर इंग्रजीत शोधायचं तर आणखी एक अडचण येते. जुन्या सरकारी कागदांत शहराचं नाव Sholapur असं आहे. Solapur टाईप केलं तर समोर असलेलंही दिसत नाही.

त्या दिवशी मी त्यांना एकही पुस्तक दिलं नाही. रिकामी पिशवी घेऊन परत गेले. आमच्या शिपायाला वाटलं, साहेबांनी गिऱ्हाईक पिटाळलं.

आठवड्यानं आले ते एक पोस्टकार्ड घेऊन. आत्याच्या ट्रंकेत होतं, येरवड्याहून आलेलं, तुरुंगाच्या शिक्क्यासह, तारीख १९४३ ची. पाठवणाऱ्याच्या जागी आजोबांनी घराण्याचं नाव लिहिलंच नव्हतं. स्वतःचं नाव आणि वडिलांचं, एवढंच. आम्ही शासनानं काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश काढला. घराण्याच्या नावाखाली काही नव्हतं. मग कार्डावरच्या नावानं शोधलं. अर्ध्या तासात नोंद सापडली, मोजून काही ओळींची.

मी विचारलं, हवं ते मिळालं ना? हा प्रश्न शेवटी विचारायचाच, कारण काही वेळा खरा प्रश्न तिथंच बाहेर येतो. ते “चालेल” म्हणाले नाहीत. ग्रंथ घरी नेता का म्हटलं, तर नको म्हणाले. त्या एका पानाची झेरॉक्स घेतली, ठळक यावी म्हणून दोनदा काढायला लावली, आणि एक प्रत घडी न घालता पिशवीत उभी धरून नेली.