गच्चीवरचं पाणी, मीटरवरचा दिवा

(दृश्य: वीजमीटर जवळून. लाल दिवा लुकलुकतो आहे.)

हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. आत्ता तो एका सेकंदात जवळपास दोनदा लुकलुकतोय, कारण आत २ किलोवॅटचा गीझर चालू आहे.

हिशेब सोपा आहे. एक युनिट वीज ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवते. चार माणसांच्या घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागतं आणि नळाचं २० अंशांचं पाणी ४५ अंशांपर्यंत न्यायचंय असं धरू. त्याला २.९ युनिटं लागतात. टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेचं अर्धं युनिट त्यात मिळवा. म्हणजे रोजची साधारण ३.४ युनिटं. उकाड्याचे दिवस वगळून वर्षाला ३०० दिवस धरले, तर हजाराच्या थोडं वर.

(दृश्य: गच्ची. सोलरचं पॅनल, वर टाकी. हात खालच्या पाइपवर, मग वरच्या पाइपवर.)

आता वर या. खालचा पाइप हाताला गार लागतो, वरच्यावर हात ठेववत नाही. पॅनलमधलं पाणी तापतं, हलकं होतं आणि आपसूक वरच्या टाकीत चढतं. त्याच्या जागी टाकीच्या तळाचं गार पाणी पॅनलमध्ये उतरतं. पंप नाही, मोटर नाही. टाकी पॅनलच्या वर ठेवण्याचं कारण एवढंच. ऊन असेपर्यंत हे चक्र फिरत राहतं आणि त्याचा आवाजही येत नाही. कॅमेऱ्याला इथे टिपण्यासारखं फारसं काही मिळत नाही, ही आमची पंचाईत.

(दृश्य: कापलेली तांब्याची नळी. आत पांढरट थर.)

हे मात्र मिळालं. जड पाण्यातला क्षार नळीच्या आत असा बसतो. वाट अरुंद झाली की चक्र मंदावतं. नळी न कापताही ओळखता येतं: ऊन चांगलं, वरचा पाइप चटका देणारा, आणि टाकीतलं पाणी कोमट. वेळेवर क्षार काढून घेतला तर पॅनल पुन्हा कामाला लागतं. त्या सफाईचा खर्च बचतीतून वजा धरायचा.

(दृश्य: गच्चीवरून बाथरूमकडे उतरणारा उघडा पाइप. खाली बादलीत पडणारं गार पाणी.)

आतून २० मिलिमीटर रुंद असलेल्या १५ मीटर पाइपमध्ये पावणेपाच लिटरच्या आसपास पाणी मावतं. नळ सोडला की आधी तेच येतं, गार. चार जणांनी चार वेगळ्या वेळी अंघोळ केली, तर टाकीतलं जवळजवळ १९ लिटर गरम पाणी नुसतं पाइप भरण्यात जातं. लागोपाठ अंघोळी झाल्या आणि पाइपवर उष्णतारोधक आवरण असलं, तर यातलं बरंचसं वाचतं. पॅनलची जाहिरात सगळेच वाचतात, पाइपची लांबी कुणी मोजत नाही.

(दृश्य: सोलरच्या टाकीला जोडलेला विजेचा बॅकअप. थर्मोस्टॅट.)

आता खरी मेख. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचं एलिमेंट असतं. ३०० पैकी ५० दिवस तेच कामाला आलं, तर वर्षाला १७० युनिटं जातात आणि ८५० वाचतात. पण हे बॅकअप कायम चालू ठेवलं तर? सकाळच्या अंघोळी आटोपल्या की टाकीत गार पाणी शिरतं. थर्मोस्टॅट लगेच जागा होतो आणि दीड तासात टाकी तापवून मोकळा होतो. ऊन चढतं तेव्हा तापवायला फारसं काही उरलेलंच नसतं. पाणी रोज गरम मिळतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. मीटरला तेवढी येते. उन्हाच्या २५० दिवसांत निम्मं काम विजेनं केलं, तर बचत ८५० वरून ४२५ वर येते.

परतफेड काढायची असेल, तर सोलर आणि गीझरच्या किमतीतल्या फरकाला तुमच्या युनिटच्या दरानं भागा. समजा उत्तर ३४०० युनिटं आलं. वर्षाला ८५० वाचली तर चार वर्षं, ४२५ वाचली तर आठ. घरात एकच माणूस असेल तर बचत चौथाईवर येते, सोलरची किंमत मात्र चौथाई होत नाही. तिथे गीझरच बरा.

(दृश्य: टायमर बसवणारे हात.)

बॅकअपला हा टायमर लावायचा. सकाळी अंघोळी असतील, तर त्याआधीचे दोन तास तो चालू राहील असं लावा. टाकी आधीच गरम असेल तर थर्मोस्टॅट वीज घेणारच नाही. अंघोळी संपायच्या आधी बॅकअप बंद झालाच पाहिजे. पुढचं तापवणं उन्हाकडे.